मर्यादा पन्नास हजारांची, पण कशावर?

सेलू, मानवत, परभणी भागातल्या जिनिंग कारखान्यांचा हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि खरेदीच्या मंजुरीची नवी परिपत्रकंही बहुधा त्याच सुमारास निघतात. वित्तप्रमुखांच्या सहीचं एक पान असतं. विभागप्रमुखाची मर्यादा २५ हजारांवरून ५० हजार झाली, त्यावरची खरेदी वित्तप्रमुखांकडे जाईल आणि अमुक तारखेपासून सगळी मंजुरी ईआरपीतूनच होईल, असा त्याचा मजकूर. हिशेबाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की अशा परिपत्रकातला आकडा हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. आकडा कशावर मोजायचा हे लिहिलेलं नसेल तर मर्यादा वित्तप्रमुख ठरवत नाहीत, ईआरपीत अट टाकणारा माणूस ठरवतो, आणि तेही आपण काही ठरवतोय हे त्याच्या ध्यानात न येता.

बेअरिंगची एक ऑर्डर घ्या. मूळ किंमत ४२,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,६५०, एकूण ५०,१५०. विभागप्रमुख मूळ किंमत पाहतो आणि ऑर्डर आपल्या अधिकारात आहे असं समजतो. ईआरपीत अट एकूण रकमेवर बसवली असेल तर तीच ऑर्डर वित्तप्रमुखांच्या यादीत जाऊन पडते. इथे बरोबर कोण? सरकी आणि रुईवर कर भरणाऱ्या कारखान्याला बेअरिंगवरच्या जीएसटीची वजावट मिळते, म्हणून त्याचा खरा खर्च ४२,५०० आणि मर्यादा करापूर्वीच्या रकमेवर मोजणं योग्य. ज्या संस्थेला ही वजावट मिळत नाही, तिच्या खिशातून पूर्ण ५०,१५० जातात, तिथे एकूण रक्कमच धरायला हवी. दोन्ही पद्धती रास्त आहेत. घोटाळा होतो तो परिपत्रकात एक आणि संगणकात दुसरी असली की. ईआरपीनेक्स्टमध्ये करापूर्वीच्या रकमेवर ही अट अशी लिहितात:

```
doc.base_net_total <= 50000
doc.base_net_total > 50000
```

पहिल्या ओळीतलं बरोबरीचं चिन्ह राहून गेलं तर नेमक्या ५० हजारांच्या ऑर्डरला पुढे जायला वाटच उरत नाही. ती मसुद्यातच अडकते, मंजुरीचं बटण कोणालाच दिसत नाही आणि भांडारातला माणूस नेटवर्कला दोष देत बसतो. त्याच पडद्यावर Allow Self Approval नावाची खूण असते. ती काढली नाही तर ऑर्डर बनवणाऱ्याकडेच मंजुरीची भूमिकाही असल्यास तो स्वतःचीच ऑर्डर मंजूर करू शकतो. परिपत्रकात दोन सह्या लिहिलेल्या असतात, प्रत्यक्षात एकच होते.

यावर हमखास आक्षेप येतो की अटी इतक्या घट्ट केल्या तर हंगामात काम थांबेल. आक्षेप खरा आहे. जिन बंद पडली की आवारात कापसाचे ढीग वाढतात आणि आगीची धास्तीही वाढते, अशा वेळी बेअरिंगसाठी दोन दिवस थांबणं परवडत नाही. पण त्यासाठी मर्यादा सैल करणं हा उपाय नाही. परिपत्रकातच तातडीच्या खरेदीचा वेगळा प्रकार ठेवावा, त्याची स्वतःची कमाल रक्कम असावी आणि कार्योत्तर मंजुरीची मुदतही लिहावी. वित्तप्रमुख रजेवर असताना मंजुरी कोणाकडे जाणार हेही तिथेच यावं, नाहीतर पासवर्ड हातोहात फिरू लागतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: ज्याला पळवाट काढायची तो ९० हजारांच्या ऑर्डरचे ४५-४५ हजारांचे दोन तुकडे करेल, मग ईआरपीचा उपयोग काय? हे अगदी बरोबर आहे. मंजुरीची अट एका वेळी एकच कागद पाहते. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १५७ मध्ये वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडायला मनाई आहे आणि तिथला निकष एकूण मागणीचं मूल्य हा आहे. खासगी कारखान्यानेही हाच निकष परिपत्रकात घ्यावा आणि दर महिन्याला पुरवठादार व वस्तुगटानुसार ३० दिवसांची बेरीज काढून पाहावी. एकाच पुरवठादाराच्या मर्यादेच्या जरा खालच्या दोन ऑर्डरी आठवड्याच्या आत दिसल्या तर विचारपूस करावी, लगेच आरोप करू नये. आज बेअरिंग झिजलं आणि परवा पट्टा तुटला, असंही घडतं. जे भाग दर हंगामात लागतातच, त्यांचा वार्षिक दरकरार आधीच वरिष्ठांकडून मंजूर करून घेतला की तुकडे पाडण्याचं कारणच बरंचसं संपतं.

जुन्या मर्यादेत मंजूर झालेल्या, पण माल न आलेल्या ऑर्डरींचं काय करायचं तेही लिहा. मंजुरीनंतर दर वाढला तर ऑर्डर पुन्हा मंजुरीला जाईल हेही. आणि वित्तप्रमुखांना एक विनंती: सही करण्याआधी चाचणीच्या सर्व्हरवर ४९,९९९, ५०,००० आणि ५०,००१ रुपयांच्या तीन ऑर्डरी आणि वरची ४२,५००ची एक ऑर्डर टाकायला सांगा. चौघी आपापल्या माणसाकडे पोचल्या की मगच परिपत्रकावर तारीख घाला.