हवा गेली तर उघडा. सिग्नल गेला तर?

रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला थंड पाणी पोचवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह 'फेल ओपन' असावा, यावर कुणाचं दुमत नसतं. काहीही बिघडलं तरी पाणी चालू राहिलं पाहिजे. म्हणून तो 'एअर टू क्लोज' घेतात. हवेचा दाब त्याला बंद करतो आणि हवा गेली की स्प्रिंग उघडते. डेटाशीटवर 'एफओ' लिहिलं की विषय संपला, असं बऱ्याच जणांना वाटतं.

एका रसायन कारखान्यात शटडाउननंतर नुसत्या पाण्यावर चाचणी चालू होती, तेव्हा तो संपला नसल्याचं दिसलं. तिथल्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरने हवेची चाचणी आधीच घेतली होती. रेग्युलेटर बंद केल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि कागदावर सह्या झाल्या. दोन दिवसांनी टेक्निशियनने दुसऱ्याच कामासाठी जंक्शन बॉक्स उघडला, तेव्हा याच व्हॉल्व्हची एक तार टर्मिनलमधून निसटली. व्हॉल्व्ह घट्ट बंद झाला. "सर, हा तर फेल ओपन आहे ना?" त्याने वॉकीटॉकीवर विचारलं. आत रसायन नव्हतं, एवढंच नशीब.

कारण पोझिशनरमध्ये होतं. एअर टू क्लोज व्हॉल्व्हला साधा, म्हणजे डायरेक्ट, पोझिशनर लावला की 4 मिलिअँपिअरला हवा कमी आणि व्हॉल्व्ह उघडा, 20 ला बंद. मीटर लावून वाचणाऱ्याला हे उलटं वाटतं. म्हणून शटडाउनमध्ये कुणीतरी जुना यांत्रिक पोझिशनर रिव्हर्स करून ठेवला होता, म्हणजे 20 ला उघडा, 4 ला बंद. वाचायला सोपं झालं खरं, पण रिव्हर्स पोझिशनरमध्ये सिग्नल घटेल तशी हवा वाढते. सिग्नल शून्यावर आला की पूर्ण दाब, आणि व्हॉल्व्ह बंद. हवा गेली तर उघडा, तार तुटली तर बंद. एकाच व्हॉल्व्हला दोन स्वभाव चिकटले.

उपाय सोपा होता. पोझिशनर पुन्हा डायरेक्ट केला आणि उलटापालट कंट्रोलरच्या अ‍ॅनालॉग आउटपुटमध्ये नेली. ऑपरेटरच्या फेसप्लेटवर 100 म्हणजे पूर्ण उघडा, पण तारेतून जातात 4 मिलिअँपिअर. आता तार तुटणं आणि हवा जाणं यांचा परिणाम एकच. स्मार्ट पोझिशनरमध्ये हा धोका थोडा वेगळा असतो. साधारण 3.8 मिलिअँपिअरच्या खाली त्यांना जगायलाच वीज पुरत नाही आणि बहुतेक मॉडेल्स हवा सोडून देतात. मात्र काही मॉडेल्स व्हॉल्व्हला आहे तिथेच धरून ठेवणारी असतात. शिवाय कंट्रोलर बंद पडल्यावर आउटपुट कार्डाने शेवटचा आकडा धरायचा की शून्यावर जायचं, हेही कॉन्फिगरेशनमध्ये ठरतं. म्हणून चाचण्या तीन: हवा बंद करा, तार काढा, कार्डाचा कंट्रोलरशी संपर्क तोडा. तिन्ही वेळा व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ उभं राहून बघा, स्क्रीनवर नको.

त्याच चाचणीत दुसरं दुखणं निघालं. रिअ‍ॅक्टरमधलं पाणी 82 अंशांवर, सेटपॉइंट 75, व्हॉल्व्ह मॅन्युअलमध्ये 35 टक्के उघडा, म्हणजे तारेत 14.4 मिलिअँपिअर. लूप ऑटोवर टाकताच तो एकदम 61 टक्क्यांवर उडाला. तापमानाची रेंज 0 ते 100 आणि गेन 3, तेव्हा 7 अंशांच्या फरकाचे 21 टक्के झाले. इंटिग्रलमध्ये आधीचे 40 साठून राहिले होते. बंपलेस ट्रान्सफर असता, तर त्याच क्षणी इंटिग्रल 35 वजा 21, म्हणजे 14 करून घेतला असता. आउटपुट 35 वरच राहिला असता आणि पुढे हळूहळू सरकला असता. डीसीएसच्या पीआयडीत ही सोय तयार असते. इथे पीएलसीत कुणीतरी स्वतः लिहिलेला ब्लॉक होता आणि मॅन्युअलमध्ये असताना त्याचा इंटिग्रल आउटपुटच्या मागे चालत नव्हता.

यावर काही जण मॅन्युअलमध्ये सेटपॉइंटलाच तापमानाच्या मागे चालवतात. मग ऑटोवर टाकताना फरक शून्य असतो, प्रपोर्शनलचा हिसका बसत नाही. पण सेटपॉइंट आता 82 झालेला असतो आणि लूप निमूटपणे 82 सांभाळत बसतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ते ध्यानात येतंच असं नाही. आणि त्याने 82 चा आकडा खोडून 75 टाकला, तर प्रपोर्शनल फरकावर चालणाऱ्या ब्लॉकमध्ये तोच 21 टक्क्यांचा हिसका परत बसतो, फक्त बटण बदलतं. म्हणून त्या कारखान्यात ऑटोवर गेल्यावर सेटपॉइंट एकेक अंशाने, पाणी स्थिरावायला वेळ देत, खाली आणायची सूचना फेसप्लेटशेजारीच चिकटवली आहे.