चुकीचा शब्द दिसतो, बरोबर दिसणारा चुकीचा शब्द दिसत नाही

जुन्या खरेदीखतांचं इंग्रजी भाषांतर हे माझं नेहमीचं काम. एका मध्यस्थ कचेरीकडून असंच एक खत आलं. आलं ते कागदाच्या प्रतिमेसह नाही. स्कॅनवरून संगणकाने वाचून टंकलेला मजकूर तेवढा आला. चतुःसीमेत लिहिलं होतं, ‘पूर्वेस वैध यांचे घर’. घर वैध असू शकतं, पण ‘वैध यांचे’? प्रतिमा मागवली आणि उलगडा झाला. पूर्वेला राहत होते ते वैद्य. संगणकाने शेजाऱ्याला कायदेशीर करून टाकलं होतं.

त्यातलं ‘यांचे’ गळलं असतं तर ‘वैध घर’ मुकाट इंग्रजीत गेलं असतं, आणि नुसतं इंग्रजी तपासणाऱ्याला कुठेच अडखळायला झालं नसतं. शिवाय भाषांतराच्या आज्ञावलीतली स्मृती तेच वाक्य पुढच्या खतातही सुचवत राहते. म्हणून दुरुस्ती भाषांतराआधीच व्हायला हवी, नंतर नाही.

शब्दलेखन तपासनीस इथे कामाचा नाही. ‘वैध’ हा शुद्ध शब्द आहे. ‘विद्या’चं ‘विधा’ होतं, ‘मद्य’चं ‘मध’, ‘वाद्य’चं ‘वाघ’, आणि एकाही शब्दाखाली लाल रेघ येत नाही. त्यामुळे मी शोध उलटा घेते: मजकुरातले सगळे ‘ध’ आणि ‘घ’ शोधायचे, आणि जिथे ‘द्य’ बसवूनही शब्द होतो तेवढी ठिकाणं प्रतिमेत पाहायची. प्रतिमा दुप्पट मोठी केली की फरक कळतो. ‘ध’च्या डाव्या बाजूला शिरोरेषा तुटलेली असते, ‘द्य’वर ती सलग जाते. ‘घ’वरही सलग जाते, पण ‘द्य’मध्ये ‘द’ची शेपटी खाली उतरलेली दिसते. शाई पसरलेल्या खिळ्याच्या छपाईत नेमकी तीच शेपटी बुजते, हे मात्र लक्षात ठेवायचं.

दुसरा चोर रफार. तो शिरोरेषेच्या वर एवढासा असतो. स्कॅन फिकं असलं की उडतो आणि शेजारी वेलांटी असली की तिच्यात मिसळतो. ‘अटी व शर्ती’च्या जागी ‘अटी व शती’ मी पाहिलंय. ‘कार्य’चं ‘काय’, ‘मार्ग’चं ‘माग’ हेही त्यातलेच. ‘पूर्वी’चं ‘पूवी’ झालं तर ते निदान डोळ्यांत खुपतं. हातात मूळ कागद असेल तर ३०० डीपीआयने, करड्या छटांत पुन्हा स्कॅन करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये आधी रफार आणि अनुस्वारच मरतात.

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची गोष्ट निराळी. ‘शेतकऱ्यांच्या’ हे संगणक बऱ्याचदा ‘शेतक-यांच्या’ असं वाचतो, कारण त्यातला अर्धा र आडव्या रेघेसारखाच दिसतो. इथवर ठीक, कारण चूक उघडी आहे. पण मग कोणी तरी ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडण्यासाठी सगळी संयोगचिन्हं एका फटक्यात काढतो आणि उरतं ‘शेतकयांच्या’. म्हणून ती साफसफाई करण्याआधी ‘-य’ आणि ‘-ह’ शोधून ते हाताने दुरुस्त करायचे. असा अर्धा र प्रमाण हिंदीत नाही. तेव्हा मराठी कागद हिंदीचं प्रशिक्षण वापरून वाचून घेणं म्हणजे चूक ओढवून घेणं. टेसरॅक्ट वापरत असाल तर भाषा `mar` द्या:

```
tesseract pan12.tif pan12 -l mar pdf
```

शेवटच्या `pdf`मुळे प्रतिमेमागे शोधता येणारा मजकूर बसतो. ‘वैध’ शोधलं की कागदावरची तीच जागा समोर येते आणि दोन खिडक्यांत डोळे फिरवावे लागत नाहीत.

‘द्ध’चं ‘ध्द’ असं जोडाक्षर उलटंसुलटं झालं तर भाषांतर बिघडत नाही, पण ‘प्रसिद्ध’ शोधल्यावर ‘प्रसिध्द’ सापडत नाही. ‘ध्द’चं ‘द्ध’ एकदाच सरसकट करून टाकावं. ‘हद्द’ची ‘हद्ध’ झालेली असेल तर ती मात्र हातानेच सुधारायची.

विशेषनामांना हे सगळं पुरत नाही. ‘पत्की’ की ‘पक्ती’, हे वाक्याचा अर्थ सांगू शकत नाही. त्यासाठी मी आता काम घेतानाच दोन गोष्टी मागते: प्रत्येक पानाची प्रतिमा, आणि त्याच मिळकतीचा सातबारा किंवा फेरफाराचा उतारा. खतातलं प्रत्येक आडनाव आणि गट क्रमांक त्याच्याशी ताडून पाहते. दोन्हींत नाव जुळलं नाही तर भाषांतरात खतातलंच नाव ठेवते आणि पक्षकाराला तसं लेखी कळवते.