शेजारच्याच्या हातावरून ठरतं काम

ग्रुप फोटोतल्या एकाचे कपडे बदलून द्या, असं सांगणाऱ्याचं सगळं लक्ष त्या कपड्यांवर असतं. मी आधी त्या माणसाच्या दोन्ही बाजू बघतो. खांद्यावर कोणाचा हात आहे, बाहीवर कोणाचा पदर आलाय, पुढ्यात उभ्या पोराचे केस छातीवर टेकलेत का, हे बघितल्याशिवाय मी दर सांगत नाही. कापड बदलणं आता कोणालाही जमतं. ते कापड जिथे दुसऱ्या माणसाला लागून असतं, तिथे फोटो बिघडतो.

माझा अल्बमचा स्टुडिओ आहे. गेल्या वर्षी एक कुटुंब आजोबांच्या पंच्याहत्तरीचा फोटो घेऊन आलं. धाकटा मुलगा कामावरून थेट कार्यक्रमाला आलेला, अंगात कंपनीचा भडक नारिंगी टी-शर्ट. बाकी सगळे पैठण्या आणि कुडत्यांमध्ये. एका नातेवाइकानं मोबाइलवरच्या एआय ॲपला सांगून टी-शर्टचा क्रीम कुडता करून घेतला होता. फोनवर तो झकास दिसत होता. बारा बाय अठराची प्रिंट आली आणि काकूंनी चष्मा लावून बघितलं. "ही मी नाही बाई," त्या म्हणाल्या. घरच्यांना आधी वाटलं, त्यांना स्वतःचा फोटो आवडला नसेल.

काकूंचं बरोबर होतं. मी मूळ फोटो आणि बदललेला फोटो एकाच मापाचे करून फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवले आणि वरच्या लेयरचा मोड Difference केला. या मोडमध्ये जिथे दोन्ही चित्रं सारखी असतात तिथे काळं दिसतं आणि फरक असेल तिथे उजळतं. कुडता उजळला, ते अपेक्षितच होतं. पण काकूंचे डोळे, नथ, मुलाशेजारच्या ताईची बोटं आणि पैठणीच्या काठावरचे मोरही उजळले होते. जवळून बघितलं तर नथीतल्या मोत्यांचा एकच पांढरा ठिपका झाला होता आणि काठावर मोरांच्या जागी नुसती हिरवी-सोनेरी नक्षी उरली होती. ताईचा हात खांद्यावरच होता, पण तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांत मिसळली होती.

याचं कारण समजून घेतलं पाहिजे, म्हणजे पुढची फसगत टळते. शब्दांत सांगितलं की फोटो बदलून देणारी अशी बरीच साधनं टी-शर्ट कापून तिथे कुडता चिकटवत नाहीत. ती मूळ फोटो बघून सगळं चित्र पुन्हा तयार करतात. मोठ्या आकृत्या जवळपास तशाच उतरतात, पण ग्रुपमधला चेहरा मुळातच लहान, त्यातली नथ त्याहून लहान. एवढ्या बारीक जागी साधन अंदाजानं भरतं आणि अंदाजानं भरलेला चेहरा त्या माणसासारखा दिसला तरी त्या माणसाचा राहत नाही. शिवाय मूळ फाइल सहा हजार पिक्सेल रुंद होती आणि ॲपनं परत दिलेली जेमतेम दीड हजार. अठरा इंचांच्या प्रिंटला इंचामागे पंच्याऐंशीच्या आसपास पिक्सेल आले. चांगल्या प्रिंटसाठी आम्ही तीनशे धरतो.

बिघडलेली फाइल सुधारायच्या भानगडीत मी पडलो नाही. मूळ फाइल कॅमेऱ्यातून जशी आली तशी मागवली. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवली की ती लहान होते, म्हणून ड्राइव्हवर टाकायला सांगितली. मूळ लेयर तळाशी लॉक केला, सगळं काम वरच्या लेयरवर मास्क लावून करायचं ठरवलं आणि घरच्यांना विचारलं, "तो मुलगा पुन्हा अंगणात उभा राहील का?" सुदैवानं तो गावातच होता.

खरा कुडता अंगावर घालून काढलेला फोटो मिळाला तर निम्मं काम तिथेच होतं. त्याच अंगणात, तशाच कलत्या उन्हाच्या वेळी, तीच लेन्स लावून, तेवढ्याच अंतरावरून आणि तेवढ्याच उंचीवरून मी त्याला उभं केलं. उजेड मूळ फोटोत डावीकडून येत होता, तो तसाच ठेवला. हे चुकलं की पुष्कळ जण फोटो आडवा उलटवून उजेड जुळवतात आणि मग पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी आणि खिसा उलट्या बाजूला जातो. एक गोष्ट मुद्दाम केली: त्याच्या खांद्यावर ताईच्या जागी भावाला हात ठेवायला लावला. हाताच्या वजनानं कापड दबतं, त्याच्या भोवती चुण्या पडतात. रिकाम्या खांद्याचा कुडता आणून वर हात ठेवला, तर हात तरंगताना दिसतो.

कपडा निवडताना आम्ही एक पथ्य पाळतो. नव्या कपड्यानं जुन्याइतकं तरी अंग झाकलं पाहिजे. गोल गळ्याच्या टी-शर्टवर स्टँड कॉलरचा कुडता बसतो, अर्ध्या बाहीवर पूर्ण बाही बसते. उलट केलं तर मान आणि हात नव्यानं बनवावे लागतात. तीच गोष्ट रुंदीची. नवा कपडा जुन्यापेक्षा अंगाबरोबर असेल, तर बाजूला फट पडते आणि तिथे शेजारच्याचं असं अंग दाखवावं लागतं जे कॅमेऱ्यानं कधी बघितलंच नाही. म्हणून शेजारच्याला लागलेल्या बाजूला नवी कड जुन्या कडेवरच ठेवायची, सैलपणा द्यायचा तो मोकळ्या बाजूला.

सगळ्यात जास्त वेळ ताईच्या हातावर गेला. कुडता हाताच्या खालून जायला हवा, म्हणून मूळ फोटोतला हात वेगळा काढून वरच्या लेयरवर ठेवायचा होता. आपोआप निवड करणाऱ्या टूलवर अशा ठिकाणी विसंबू नये. मी पेन टूलनं, फोटो दुप्पट मोठा करून, बोटाबोटानं कड आखली आणि रेघ हाताच्या एक पिक्सेल आत घेतली. कडेच्या पिक्सेलमध्ये कातडी आणि टी-शर्ट या दोघांचा रंग मिसळलेला असतो. तो पिक्सेल राहिला की क्रीम कुडत्यावर हाताभोवती नारिंगी दोरा दिसतो. कडेला मऊपणा दिला तोही एकाच पिक्सेलचा. जास्त दिला की हात धुरकट होतो आणि अजिबात न दिला तर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

मग बांगड्या. ताईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. दोन बांगड्यांच्या फटीतून टी-शर्ट दिसत होता, त्या फटी एकेक करून कापल्या. तरीही बांगड्या मळकट दिसत होत्या. कारण काच अर्धपारदर्शक. तिच्यातूनही मागचं नारिंगी येत होतं आणि हिरव्यात मिसळून तपकिरी होत होतं. मनगटावर टेकलेल्या भागातला स्वच्छ हिरवा उचलून, ब्रशचा मोड Color ठेवून, तेवढ्याच तुकड्यांवर हलक्या हातानं फिरवला. त्या मोडमध्ये रंग बदलतो, पण काचेची चमक आणि सावली जशीच्या तशी राहते.

हाताची सावलीही नव्यानं घालावी लागली. भावाचा पंजा रुंद, ताईचा नाजूक. त्यामुळे मिळालेली सावली बोटांबाहेर डोकावत होती. ती पुसून Multiply मोडच्या लेयरवर नवी रंगवली. सावलीसाठी काळा रंग घेतला नाही, कुडत्याच्याच खोल चुणीतला करडा-तपकिरी घेतला. काळा घेतला की क्रीम कापडावर डाग पडल्यासारखं दिसतं.

शेजारच्यांना हात लावायचा नाही असं म्हणत असलो, तरी एका जागी लावावाच लागतो. भडक कपड्याचा रंग शेजारी सांडतो. दुसऱ्या बाजूला उभ्या काकांच्या पांढऱ्या बाहीवर टी-शर्टची नारिंगी झाक होती. टी-शर्ट असताना ती कोणाला खटकली नव्हती. शेजारी क्रीम कुडता आल्यावर मात्र काकांची बाही हळद लागल्यासारखी दिसू लागली. Hue/Saturation चा लेयर फक्त बाहीवर मास्क करून तिथला नारिंगीपणा उतरवला. ताईच्या हनुवटीखालीही थोडी झाक होती, ती मी ठेवली. चेहऱ्याचा रंग बदलण्यापेक्षा ती एवढीशी झाक राहिलेली परवडते. यातलं काय केलं आणि काय सोडलं, हे दोन्ही घरच्यांना सांगितलं.

शेवटी तीच Difference ची चाचणी, या वेळी मूळ लेयरशी. वर Levels लावून उजेड खूप वाढवला, म्हणजे पुसट फरकही लपत नाही. कुडता, त्याच्या शेजारची कड, बांगड्यांचे तुकडे, काकांची बाही एवढंच उजळलं. काकूंचा चेहरा पूर्ण काळा. ही चाचणी जेपीजी करण्याआधी घ्यायची, कारण जेपीजीत साठवताना सगळ्या फोटोभर बारीक फरक पडतो आणि मग खरा बदल कुठला ते कळत नाही.

माणूस पुन्हा उभा राहू शकत नसेल, परदेशात असेल, तर कापड एआयनं बनवायला माझी हरकत नाही. फक्त पूर्ण फोटो त्याच्या हवाली करू नये. फोटोशॉपच्या Generative Fill सारखं, निवडलेल्या भागातच भरणारं आणि नवा भाग वेगळ्या लेयरवर देणारं साधन वापरावं. निवड करताना शेजारच्यांचे हात आणि बोटं आधी वगळावीत. मोठा भाग एकदम भरला की कापड गुळगुळीत आणि पुसट येतं, म्हणून छाती, बाही असे तुकडे करून भरावेत. मग मूळ फोटोत जेवढा दाणा आहे तेवढाच Add Noise नं त्यावर द्यावा, Monochromatic वर खूण करून. एक-दोन टक्के बहुतेक वेळा पुरतात. आलेल्यातलं फक्त कापड ठेवावं. मान, हात, बोटं मूळच्याच फोटोतली.

काही कामं मी घेत नाही. मांडीवर बाळ घेतलेल्या आईची साडी, एकमेकांना मिठी मारलेल्या मित्रांपैकी एकाचा शर्ट, पुढच्याचे मोकळे केस ज्याच्या छातीवर पसरलेत त्याचा कोट. तिथे दोघांमधली कड इतकी गुंतलेली असते की कोणी ना कोणी बिघडतोच. अशा वेळी मी नुसता रंग बदलायचं सुचवतो. चुण्या, शिवण, सावल्या सगळं मूळचं राहतं आणि Hue/Saturation नं भडक लाल साडीची मरून करता येते. काळ्याचं पांढरं मात्र त्या वाटेनं होत नाही, कारण काळ्या कापडाच्या चुण्या फोटोत पुरेशा उमटलेल्याच नसतात. तसं हवं असेल तर मी आधीच नाही म्हणतो.