सारखे गुण, निराळी चूक

दहा मीटर एअर रायफल नेमबाजीत लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलीमीटर व्यासाचा असतो. छर्रा मात्र साडेचार मिलीमीटर व्यासाचा असतो आणि त्याची कड ज्या सर्वांत आतील वर्तुळाला स्पर्श करते, त्याचे गुण मिळतात. म्हणून छिद्राचा मध्य केंद्रापासून २.५ मि.मी.च्या आत असला, तर दहा गुण मिळतात. पुढे प्रत्येक २.५ मि.मी.ला एक गुण कमी होतो.

समजा, एका शिकाऊ नेमबाजाने सोमवारी आणि गुरुवारी पाच-पाच छर्रे मारले. दोन्ही दिवशी ५० पैकी ४० गुण झाले. गुणपत्रक पाहिले, तर दोन्ही सराव सारखेच दिसतात. पण एका लक्ष्यावर एकच छर्रा मारला जात असल्यामुळे छिद्रे एकत्र दिसत नाहीत. ती मोजून एकाच चौकटीच्या कागदावर उतरवली की फरक कळतो.

सोमवारची छिद्रे केंद्राच्या उजवीकडे ५, ८, २, ५ आणि ५ मि.मी. होती. बेरीज २५, पाचाने भागल्यावर सरासरी ५. उभ्या दिशेत चार छिद्रे वर २, २, २ आणि ५ मि.मी., तर एक खाली १ मि.मी. होते. खालचे अंतर वजा करून बेरीज १०, सरासरी २. म्हणजे पुंजक्याचा मध्य केंद्राच्या उजवीकडे ५ आणि वर २ मि.मी. होता. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतील अंतर, म्हणजेच पुंजक्याचा आकार, ६ मि.मी. होता.

गुरुवारी पाचही छर्ऱ्यांना आठ-आठ गुण मिळाले. छिद्रे केंद्राच्या चहूबाजूंना विखुरली होती. त्यांचा मध्य नेमका केंद्रावर आला, पण पुंजक्याचा आकार सुमारे १२ मि.मी. भरला.

सोमवारी हात स्थिर होता, रायफलची मागची साइट चुकीच्या जागी होती. ती डावीकडे व खाली सरकवून पुंजका केंद्रावर आणला असता, तर त्याच पाच छर्ऱ्यांना ४६ गुण मिळाले असते. गुरुवारी साइट बरोबर होती. दोष पवित्र्यात, श्वासात किंवा चाप ओढण्यात शोधायला हवा. त्या दिवशी साइट फिरवली असती, तर विखुरलेला पुंजका केंद्रापासून सरकला असता आणि दुसरीच चूक निर्माण झाली असती.

तथापि पाच छिद्रांवरून घाईने निर्णय घेऊ नये, कारण एकच भरकटलेला छर्रा मध्य हलवतो आणि पुंजका मोठा दाखवतो. निदान दहा छर्ऱ्यांची नोंद घ्यावी. आकारांची तुलना करताना दोन्ही सरावांत छर्ऱ्यांची संख्या सारखीच असावी. मध्य सलग दोन-तीन सरावांत एकाच बाजूला राहिला, तरच साइट बदलावी. तो रोज निराळ्या बाजूला जात असेल, तर उभे राहण्याची जागा, रायफलवर गाल टेकवण्याची पद्धत आणि प्रकाश यांची नोंद तपासावी.

पाठगत प्रश्न
पाच छिद्रे केंद्राच्या उजवीकडे २, ४, ३, ५ आणि १ मि.मी. आहेत. आडव्या दिशेतील मध्य काढा.