पाठ झालेला चंद्र

संकष्टीला आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवणाआधी चंद्राचे फोटो येऊन पडतात. पहिला नंबर नागपूरच्या आत्याचा, कारण तिच्याकडे चंद्र पुण्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो. गेल्या वर्षी मी लांबच्या झूमचा नवा फोन घेतला आणि गच्चीवरून असा काही चंद्र टाकला की आत्याने विचारलं, "अगं, दुर्बिणीतून काढलास का?" दुर्बीण शेजारीच होती, पण झाकलेली. मी म्हटलं, नाही, साध्या फोनने. तेव्हा मिरवून घेतलं, आणि पुढचे दोन महिने त्या मिरवण्याचा हिशेब करण्यात गेले. त्यातून हाती लागलं ते असं.

१. आधी भिंगाचं तोंड मोजावं.

झूम किती पट आहे ते जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं, पण बारकावे किती दिसणार हे भिंगाच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं. दहापट झूमच्या फोनमध्ये ते तोंड साधारण साडेपाच मिलिमीटरचं असतं, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं. अरुंद तोंडातून जाताना प्रकाश पसरतो. याला विवर्तन म्हणतात, आणि भिंग कितीही निर्दोष घासलं तरी ते टळत नाही. साडेपाच मिलिमीटरच्या तोंडातून सुमारे २५ विकलांपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसू शकत नाहीत. आकाशात चंद्र अर्धा अंश, म्हणजे १,८०० विकला रुंद असतो. भागाकार केला की कळतं, फोनच्या भिंगाला चंद्र आडवा जेमतेम सत्तर-बहात्तर ठिपक्यांचा दिसतो.

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे एक ठिपका जवळजवळ ५० किलोमीटरचा. टायको हे प्रसिद्ध विवर ८५ किलोमीटरचं आहे, ते दीड-दोन ठिपक्यांत उरकतं. केप्लर तर ३० किलोमीटरचंच. ते एक उजळ डाग म्हणून दिसेल, पण त्याची कड दिसणं अशक्य. माझ्या मिरवलेल्या फोटोत केप्लरला कड होती.

२. सावल्या तिथीशी जुळवून पाहाव्यात.

कडेपेक्षा मला जास्त खटकली ती तिच्या आतली सावली. विवरांच्या सावल्या लांब पडतात त्या चंद्रावरच्या दिवस-रात्रीच्या सीमेजवळ, कारण तिथे सूर्य क्षितिजालगत असतो. कृष्ण चतुर्थीला ही सीमा चंद्राच्या पूर्व भागात असते. केप्लर आहे पश्चिमेला, सुमारे ३८ अंशांवर, आणि त्या रात्री सूर्य जवळपास त्याच्या डोक्यावर असतो. तिथे भर दुपार असते म्हणा ना. भर दुपारी खड्ड्याच्या आत सावली कुठून येणार? दुर्बिणीचं झाकण काढून पाहिलं, तर केप्लरच्या जागी नुसता चकचकीत पांढरा डाग होता.

शिवाय त्या रात्री चंद्र नुकताच इमारतींच्या वर आला होता. इतक्या खालच्या चंद्राची कड गरम हवेने पाण्यात पडल्यासारखी हलत असते. दुर्बिणीत ती हलत होती, फोटोत मात्र सगळं कोरल्यासारखं.

३. तपशील आधी पुसावा, मग फोटो काढावा.

या प्रकरणातला सगळ्यात हुशार प्रयोग माझा नाही. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रावर एका वापरकर्त्याने तो केला. त्याने चंद्राचा स्वच्छ फोटो घेतला, तो १७० बाय १७० पिक्सेलएवढा लहान केला, त्यावर धूसरपणा चढवला, मग ते चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं, खोलीतले दिवे घालवले आणि लांबून झूम करून फोटो काढला. फोटोत विवरं आली! पडद्यावर ती नव्हतीच. भिंग, थरथर, हवा ही सगळी कारणं इथे एका फटक्यात बाद होतात. जे समोरून आलं नाही ते फोनच्या आतूनच आलं असणार. पुढे त्याने चंद्राच्या चित्रावर एक सपाट करडा चौकोन ठेवला आणि तसाच एक चंद्राबाहेर. चंद्रावरच्या चौकोनात खडबडीतपणा भरला गेला, बाहेरचा कोराच राहिला.

मी घरी लॅपटॉप लावून माझ्या फोनची हीच परीक्षा घेतली, पाचेक मीटरवरून. फोन वेगळा, निकाल तोच.

सॅमसंगने आपली बाजू मांडली ती अशी: पंचवीसपट किंवा त्याहून जास्त झूमवर फोन चंद्र ओळखतो, दहाहून अधिक फोटो एकत्र करून गोंगाट काढतो आणि मग शिकवलेलं प्रारूप तपशील वाढवतं, चंद्राचं तयार चित्र वर चिकटवलं जात नाही. शब्दश: ते खरं मानायला माझी हरकत नाही. पण करड्या चौकोनात "वाढवायला" तपशील होता कुठे?

४. चंद्राचं पाठांतर सोपं असतं.

चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो. कला बदलतात, उगवताना-मावळताना तो कलल्यासारखा दिसतो, थोडासा डुलतोही, पण डाग तेच आणि तिथेच. प्रश्नपत्रिकेत दरवर्षी तोच प्रश्न आला तर पोरं पाठच करतील. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंचा चेहरा फोनने असा पाठ केलेला नसतो. तिथे तो "साधारण चेहरा कसा असतो" यावर भागवतो, आणि तिथली चूक पकडायला आपल्याकडे दुर्बीण नसते. चंद्राचा नकाशा छापलेला आहे, म्हणून तरी हा प्रकार उघडकीला आला.

५. फोटोंची रास करणं म्हणजे लबाडी नव्हे.

ग्रुपवर मी हे सगळं सांगितल्यावर चुलतभाऊ म्हणाला, मग आता फोनचा प्रत्येक फोटो खोटाच म्हणायचा. मला हे पटत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनची तारे टिपण्याची सोय, २०१९ ची, सोळा-सोळा सेकंदांचे पंधरापर्यंत फोटो काढून एकमेकांवर बसवते. त्यातला प्रत्येक तारा आकाशातून आलेल्या प्रकाशाचाच असतो. हौशी खगोलप्रेमी हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. अशा राशीने गोंगाट कमी होतो, पण भिंगाची २५ विकलांची मर्यादा काही ओलांडता येत नाही. त्या मर्यादेपलीकडचं काही फोटोत दिसलं तर ते आठवणीतून आलं आहे असं मी धरते. माझ्यापुरती रेघ तिथे आहे.

६. खरा चंद्र पुसट असतो.

सॅमसंगमध्ये "सीन ऑप्टिमायझर" बंद केला की ही चंद्राची करामत थांबते. इतर फोनमध्ये नाव वेगळं असेल. मी आता प्रो मोडमध्ये दहापट झूम, आयएसओ ५० आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग ठेवते. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, त्यामुळे त्याचा फोटो दिवसाउजेडी काढतात तसाच काढावा लागतो. अंधार समजून फोन जास्त प्रकाश घेतो आणि चंद्राचा पांढरा गोळा करतो.

मागच्या संकष्टीला असा फोटो टाकला. आत्याचं उत्तर आलं: "जरा पुसट आहे. पण उगवलाय ना? मग जेवते."

पुढच्या चतुर्थीला एकाच गच्चीवरून दोन फोटो काढा, एक नेहमीसारखा आणि एक असा, आणि दोन्हींत केप्लर शोधा.