शेगडीमागची भिंत

अगं, ते शेडकार्ड जरा बाजूला ठेव. रंगाआधी त्या भिंतीवर रोज काय येतं ते बघ. खाली फोडणीचं तेल आणि हळद उडते, वर तेलकट वाफ जाऊन चिकटते. म्हणून दोन्ही भागांचं वेगवेगळं ठरवायचं.

खाली, ओट्यापासून चिमणीच्या खालच्या कडेपर्यंत, टाइल्सच लाव. चिमणी नसेल तर निदान दोन-अडीच फूट. टाइल गुळगुळीत, चकचकीत घे; खरखरीत टाइल दिसते छान, पण तिच्या खाचांत तेल अडकतं. पांढऱ्याशुभ्र टाइलवर हळदीचा एकेक थेंब दिसेल. काळ्या किंवा गडद निळ्या टाइलवर तेलाचे चट्टे आणि वाळलेल्या पाण्याचे पांढरे डाग दिसतील. फिकट बदामी किंवा राखाडीकडे झुकणारा हिरवा घे, त्यात बारीक शिरा असल्या तर उत्तमच. दोन पुसण्यांमधले शिंतोडे त्यात सहज झाकले जातात.

आणि खरं सांगू का, टाइलपेक्षा आधी सांधे खराब होतात. पांढऱ्या सिमेंटने भरलेले सांधे तेल-हळद शोषतात आणि पिवळे पडतात. मिस्त्रीला शेगडीमागे इपॉक्सी ग्राउट भरायला सांग, टाइलपेक्षा एक छटा गडद. महाग पडतं, पण तेवढ्याच भागापुरतं घे. टाइलवर सांडलेलं इपॉक्सी तिथल्या तिथे पुसून घे, एकदा कडक झालं की निघता निघत नाही.

दुकानातून नमुन्याची टाइल घरी आण. चमचाभर तेलात हळद घालून तिच्यावर टाक, रात्रभर राहू दे. सकाळी भांड्यांच्या साबणाने स्वच्छ निघाली, तरच ऑर्डर दे.

आता टाइल्सच्या वरची भिंत. तिथे डिस्टेंपर नको गं, तो तेल पितो आणि घासला की रंगच निघून येतो. धुता येणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन घे, थोडी चमक असलेलं, सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. ऑइल पेंटही धुता येतो, पण पांढरा किंवा फिकट असेल तर काही वर्षांत पिवळसर होतो. रंग टाइलशी जुळणारा साईसारखा किंवा फिकट बदामी ठेव, म्हणजे वाफेचा पिवळेपणा लवकर डोळ्यांवर येत नाही.

भिंत जुनी असेल तर रंगाऱ्याला घाई करू देऊ नकोस. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून ती धू, मग साध्या पाण्याने पूस आणि पूर्ण वाळू दे. त्यावर थोडं पाणी शिंपडून बघ. थेंब मण्यांसारखे गोळा झाले, तर तेल अजून आहे, पुन्हा धू. तेलावर मारलेला प्रायमर आणि रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो.

पैसे कमी पडत असतील तर टाइल साधी घे, पण सांध्यांचं इपॉक्सी सोडू नकोस.