डिझेल टाकीचा हिशेब: युटिलिटीत नव्याने आलेल्याला कानमंत्र

बाळा, युटिलिटीची जबाबदारी आता तुझ्याकडे आली आहे, तेव्हा डीजीच्या डिझेल टाकीबद्दल काही गोष्टी कानात घालून ठेवतो. टाकीवर लेव्हल सेन्सर आहे, दर पाच मिनिटांनी आकडा लॉग होतो, म्हणजे गळती झालीच तर आपोआप कळेल, असं सगळे धरून चालतात. तसं होत नाही. डीजी चालला की पातळी उतरते, डे टँक भरून घेतली की उतरते, रात्री गारवा पडला तरी उतरते. अशा प्रत्येक उतरण्यावर अलार्म वाजायला लागला तर आठवड्याभरात कोणीतरी त्याचा आवाज बंद करून टाकतो. तुला पकडायची आहे ती हिशेबात न बसणारी घट.

मिलिमीटरचे लिटर कर, मगच बोल

आपल्यासारख्या कारखान्यांत बहुतेक टाक्या आडव्या, गोल असतात. २ मीटर व्यासाची, साधारण ३.२ मीटर लांबीची टाकी घे. तिच्यात १० हजार लिटर मावतात. ती अर्धी भरलेली असताना पातळी १ मिलिमीटरने उतरली तर ६.४ लिटर गेले. तळापासून २० सेंटिमीटरवर असताना तोच १ मिलिमीटर म्हणजे ३.८ लिटर. वरून २० सेंटिमीटर रिकामी असतानाही तेवढेच. त्यामुळे ‘५ मिलिमीटर उतरली की अलार्म’ हा नियम मधल्या भागात ढिला पडतो आणि वर-खाली नको तितका कडक होतो. टाकीसोबत आलेला डिप चार्ट शोधून काढ, तो सिस्टीममध्ये घाल आणि सगळा हिशेब लिटरमध्येच कर. टाकी एका बाजूला कलती बसवली असेल तर चार्टही थोडा चुकतो. टँकर आला की आधी आणि नंतर डिप घेऊन मिळालेल्या लिटरशी ताडून पाहा. चार-पाच टँकरमध्ये चार्ट कुठे आणि किती चुकतो ते उमगतं.

गारव्याची घट वेगळी काढ

डिझेल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०८३ टक्के फुगतं किंवा आकसतं. आकडा छोटा दिसतो, पण जमिनीवरच्या टाकीत ६,००० लिटर असतील आणि पहाटेपर्यंत डिझेल ५ अंशांनी गार झालं, तर २५ लिटर कमी दिसतात. पातळीत ती ४ मिलिमीटरची घट होते. थंडीच्या दिवसांत गळतीच्या निम्म्या खोट्या आरोळ्या यातूनच उठू शकतात. म्हणून प्रत्येक वाचन १५ अंशांवर आणून मांड:

```
V15 = V * (1 - 0.00083 * (T - 15))
```

यातलं T हे डिझेलचं तापमान हवं, हवेचं नव्हे. त्यासाठी टाकीत प्रोब असायला हवा. प्रोब नसेल तर निदान वाचन रोज एकाच वेळी, सकाळी ६ वाजता घे. ओळखायची खूणही सोपी आहे. गारव्याने गेलेले लिटर दुपारी परत येतात, गळतीने गेलेले येत नाहीत. मात्र सेन्सर तळाशी बसून दाब मोजणारा असेल तर ही दुरुस्ती डोळे झाकून लावू नकोस. गार झाल्याने डिझेलचं वजन बदलत नाही, त्यामुळे तो दाब जवळपास तोच दाखवतो.

रोजची तूट विसरू नकोस, ती साठवत जा

हा सगळ्यांत महत्त्वाचा मंत्र. रोज सकाळी कालची शिल्लक घे, त्यात टँकरने आलेलं मिळव, डे टँकला दिलेलं वजा कर. येईल तो अपेक्षित आकडा. प्रत्यक्ष वाचन त्याच्याशी ताड. जो फरक येईल ती त्या दिवसाची तूट. सेन्सरचं वाचन २ मिलिमीटर इकडे-तिकडे होतंच, म्हणजे मधल्या भागात १३ लिटरचा गोंधळ धरूनच चालायचा. म्हणून एका दिवसाच्या तुटीवर कोणी हात उगारू नये. पण वाचनातली चूक कधी वर जाते, कधी खाली. गळती रोज खालीच जाते. बेरीज करत गेलास की चुका एकमेकींना खातात आणि गळती एकटी उरते.

धर, एका टाकीतून रोज २२ लिटर झिरपत आहेत, म्हणजे तासाला एक लिटरही नाही. आठवडा असा दिसेल:

| दिवस | त्या दिवसाची तूट (लिटर) | साठलेली तूट (लिटर) |
|---|---|---|
| सोम | १२ | १२ |
| मंगळ | ३६ | ४८ |
| बुध | ३० | ७८ |
| गुरू | २ | ८० |
| शुक्र | ३६ | ११६ |
| शनि | ११ | १२७ |
| रवि | २५ | १५२ |

दिवसाला ५० लिटरची मर्यादा लावली असेल, तर या आठवड्यात एकदाही अलार्म वाजणार नाही. गुरुवारच्या २ लिटरकडे पाहून तर सगळं आलबेल वाटेल. पण साठलेली तूट शुक्रवारीच १०० च्या पुढे गेली. सात दिवसांची बेरीज १०० लिटर ओलांडली की सूचना, हा नियम असता तर शुक्रवारी सकाळीच फोन आला असता. तो नसेल तर महिन्याला साडेसहाशे लिटर जमिनीत मुरतील आणि डीजी जास्त पितोय असं म्हणून सगळे त्याच्या इंजेक्टरमागे लागतील.

आधी विचार: तूट घड्याळाने वाढते की वापराने?

तूट दिसली म्हणून लगेच खोदकाम काढू नकोस. डीजी जास्त चालला त्या दिवशी तूट जास्त, बंद राहिला त्या दिवशी शून्य, असं असेल तर संशय फ्लो मीटरवर किंवा हिशेबावर घे. इंजिनाला गेलेल्या डिझेलपैकी बरंचसं रिटर्न लाइनने परत येतं. ते परतीचं मोजलं नसेल तर वापराचा आकडाच खोटा असतो. चांगला चालणारा डीजी नीट लोडवर लिटरमागे साधारण साडेतीन ते चार युनिट देतो. हा आकडा युनिट मीटरवरून काढून बघ.

सुट्टीच्या दिवशीही तूट तेवढीच येत असेल, तर डिझेल कुठून तरी गळतंय असं समज. आता टाकी की लाइन, हे ठरवायचं. वरच्या उदाहरणात एका रात्रीसाठी व्हॉल्व्ह बंद करून काही कळणार नाही. बारा तासांत ११ लिटर, म्हणजे २ मिलिमीटरच्या आतच, आणि तो सेन्सरच्या गोंधळात बुडून जाईल. म्हणून शनिवारी संध्याकाळी डे टँक पूर्ण भरून घे, म्हणजे वीज गेली तरी डीजी अडणार नाही. मग टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद कर आणि सोमवारी सकाळपर्यंत तसाच ठेव. छत्तीस तासांत ३३ लिटर जायला हवेत, म्हणजे ५ मिलिमीटर. एवढा फरक स्पष्ट दिसतो.

दोन्ही वेळा हाताने डिपही घे. काठी कोरड्या फडक्याने पुसून घे, तळाच्या पत्र्याला टेकेपर्यंत सरळ सोड, टेकताक्षणी उचल आणि ओल जिथे संपते तिथे वाच. दोनदा घे, दोन वाचनांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा घे. सोमवारी पातळी जागच्या जागी असेल तर टाकी निर्दोष आहे, गळती व्हॉल्व्हच्या पुढे, बहुधा रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपच्या एखाद्या सांध्यात. मग तो पाइप वेगळा करून, रिकामा करून नायट्रोजनने कमी दाबावर तपास आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लाव. कॉम्प्रेसरची हवा भरू नकोस. डिझेलची वाफ आणि हवा एकत्र आली की स्फोटाचा धोका असतो.

व्हॉल्व्ह बंद असतानाही पातळी उतरत राहिली तर दोष टाकीतच आहे. अशा वेळी लॉग पुढे बघत राहा. उतरणं हळूहळू मंदावून एखाद्या उंचीवर थांबलं, तर भोक त्याच उंचीला आहे. आणि टाकी रिकामी करून, साफ करून, गॅस-फ्री असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तिथे वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू देऊ नकोस.

पावसाळ्यात काठीच्या टोकालाही विचार

जमिनीखालच्या टाकीचं एक वेगळंच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भोवतीचं पाणी वर आलं की त्याच भोकातून पाणी आत शिरतं. पातळी उतरत नाही, कधी चढतेही, आणि लॉग छान सपाट दिसतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला काठीच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लाव. पाणी जिथपर्यंत आहे तिथपर्यंत तिचा रंग बदलतो. मागच्या आठवड्यापेक्षा पाणी वाढलं असेल तर ती गळतीचीच खबर आहे, मग स्क्रीनवर काहीही दिसो.

अलार्म दोनच ठेव, पण त्यांना धनी दे

पहिला जलद अलार्म: ट्रान्सफर पंप बंद आहे, टँकर उतरत नाही आणि तरीही सलग तीन वाचनांत मिळून मर्यादेपेक्षा जास्त घट आली. ही मर्यादा पुस्तकातून घेऊ नकोस. टाकी नीट असतानाचा एक आठवडा घे, शांत तासांत आकडा जास्तीत जास्त किती हलला ते बघ आणि त्याच्या दुप्पट ठेव. यासाठी पंपाचा चालू-बंद सिग्नल त्याच लॉगमध्ये हवा, नाहीतर रात्री डे टँक आपोआप भरली की दर वेळी चोरीची हाकाटी होईल. टँकरनंतरचे दोन तास हा अलार्म थांबव, म्हणजे डिझेल स्थिरावेल. हा फोन शिफ्ट इंचार्जला जावा आणि त्याने पहिलं काम टाकीचा व्हॉल्व्ह बंद करण्याचं करावं. कारण नंतर शोधता येतं.

दुसरा संथ अलार्म म्हणजे साठलेल्या तुटीचा. तो तुझ्याकडेच ठेव आणि आला की त्याच दिवशी हाताने डिप घे.

यांच्या जोडीला सेन्सरचीही हजेरी घे. तासन् तास तोच आकडा, दशांशासकट, येत राहिला तर सेन्सर अडकलाय; खरी पातळी थोडी तरी हलतेच. वाचन चुकलं असेल तर ती जागा रिकामी ठेव, मागचा आकडा तिथे भरू नकोस. भरलास तर मधल्या सगळ्या तासांचा वापर एका क्षणात झाल्यासारखा दिसेल, अलार्म खोटा ठरेल आणि पुढच्या खऱ्या अलार्मला रात्रपाळीचा माणूस उठणार नाही.